वाळव्याचा शिफ्ट केमिस्ट आणि साखर उद्योगाचे दोन मेळावे: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातला केमिस्ट आणि त्याला भेटलेल्या कंपन्या नमुन्यादाखल घेतल्या आहेत. संस्था, सरकारी आदेश आणि प्लान्टमधले आकडे मात्र खरे आहेत.

वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तो शिफ्ट केमिस्ट. वय एकोणतीस, शिक्षण बीएस्सी रसायनशास्त्र आणि त्यावर अल्कोहोल तंत्रज्ञानाचा डिप्लोमा. प्लान्ट जुना, रोजच्या ४५ हजार लिटर क्षमतेचा, मळीवर चालणारा. स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी, इव्हॅपोरेटरमध्ये आटवून प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरलेल्या गाळावर, फवारायचा आणि कंपोस्ट करायचं, अशी व्यवस्था. पावसात उघड्यावर कंपोस्ट करता येत नाही, त्यामुळे जूनमध्ये प्लान्ट बंद होतो आणि कारखान्याचा हंगाम लागल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. तो हंगामी कायम आहे. हंगामात पूर्ण पगार, बिगर हंगामात भत्ता. चार हंगाम झाले, वरची जागा एकच आणि त्या जागेवरच्या साहेबांच्या निवृत्तीला अजून अकरा वर्षं.

त्याला डिस्टिलरी प्लान्ट बांधणाऱ्या कंपनीत कमिशनिंगचं काम हवं होतं. नवा प्लान्ट उभा राहिला की तो सुरू करून देणं, ठरलेलं उत्पादन काढून दाखवणं आणि ग्राहकाच्या माणसांना शिकवून बाहेर पडणं, हे ते काम. अशा कंपन्यांची कार्यालयं बरीचशी पुण्याच्या आसपास आहेत. या जागांच्या जाहिराती क्वचितच येतात, कारण माणूस हवा असतो तो आधी दोन-तीन प्लान्ट चालवलेला, रात्रीच्या पाळीत एकटा निर्णय घेऊ शकणारा. असा माणूस ओळखीतूनच शोधला जातो. म्हणून प्रदर्शन आणि अधिवेशन हीच भेटीची खरी जागा, हा त्याचा अंदाज बरोबर होता. पहिल्या वेळी चुकलं ते वेळेचं आणि पद्धतीचं.

मांजरी, जानेवारी २०२४

वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची आंतरराष्ट्रीय परिषद आणि प्रदर्शन जानेवारी २०२४ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीला भरलं. देशातल्या बहुतेक मोठ्या यंत्रनिर्मात्या कंपन्या एका आवारात. आपल्या केमिस्टने दोन दिवसांची रजा काढली, वीस-पंचवीस बायोडाटांच्या झेरॉक्स घेतल्या आणि पेठ नाक्यावरून पुण्याची गाडी धरली. परत आला तेव्हा पिशवीत दोन-अडीच किलो माहितीपत्रकं आणि व्हिजिटिंग कार्डांची गड्डी होती. त्यातून एकही मुलाखत निघाली नाही. याची कारणं नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण धोरणाचं. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाचा रस आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. थोड्याच दिवसांत ती अंशतः सैल करून इथेनॉलकडे वळवायच्या साखरेवर १७ लाख टनांची मर्यादा ठेवली गेली, पण तोवर अनेक कारखान्यांनी विस्ताराच्या ऑर्डरी थांबवल्या होत्या. प्रदर्शनाचे स्टॉल सहा-आठ महिने आधी आरक्षित होतात, म्हणून गर्दी पूर्ण होती. स्टॉल भरलेला दिसला म्हणजे कंपनीत भरती चालू आहे, असं नसतं. त्या महिन्यात यातल्या कंपन्या चालू साइटवरची माणसंच दुसरीकडे कुठे वापरता येतील, याचा हिशेब करत होत्या. धान्यावर चालणारे प्लान्ट मात्र थांबले नव्हते. हे आपल्या केमिस्टला स्टॉलवर कुणी सांगितलंही, पण त्याने ते गप्पा म्हणून ऐकलं.

दुसरं कारण स्टॉलवर कोण उभं असतं याचं. स्टॉलवर विक्री विभाग असतो. तिथला माणूस चौकशी किती आल्या यावर मोजला जातो, त्याला केमिस्टची गरज नसते आणि भरतीचा अधिकारही नसतो. त्याने बायोडाटा नम्रपणे घेतला आणि मागच्या खोक्यात टाकला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टॉल उतरवताना ते खोकं उरलेल्या माहितीपत्रकांबरोबर गोदामात जातं.

तिसरं कारण गळ्यातल्या बिल्ल्याचं, आणि त्याने थोडं नुकसानही केलं. नोंदणी करताना त्याने संस्थेच्या रकान्यात कारखान्याचं नाव लिहिलं होतं. एका स्टॉलवर बिल्ला स्कॅन झाला, माहिती विक्री विभागाच्या यादीत गेली आणि आठवड्याभरात त्या कंपनीचा प्रतिनिधी थेट कारखान्याच्या खरेदी विभागात पोचला. ‘तुमचे केमिस्ट आमच्या इव्हॅपोरेटरची चौकशी करून गेलेत, कोटेशन देऊ का?’ चौकशी नोकरीची होती हे त्या प्रतिनिधीला माहीत नव्हतं, हे नशीब. तरी चीफ केमिस्ट साहेबांनी बोलावून विचारलंच, की रजा घरच्या कामाची होती ना?

हंगामाची अडचण तर होतीच. जानेवारीत गाळप ऐन भरात असतं. ज्या माणसांना भेटायचं, ते कंपन्यांचे प्रोसेस प्रमुख आणि कमिशनिंग प्रमुखही त्या दिवसांत साइटवर अडकलेले असतात. एखाद्या नव्या प्लान्टमध्ये फर्मेंटर, म्हणजे मळी आंबवण्याची टाकी, फेसाळून वाहतोय आणि ग्राहक फोनवर ओरडतोय, अशा वेळी कोण प्रदर्शनात येणार?

पावसाळ्यातली अधिवेशनं

साखर उद्योगात तंत्रज्ञांच्या दोन जुन्या संघटना आहेत. शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन ऑफ इंडिया १९२५ ची, तिचं कार्यालय दिल्लीत. डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ ची, पुण्यात. दोन्हींची वार्षिक अधिवेशनं साधारणपणे हंगाम लागण्याआधी, पावसाळ्याच्या दिवसांत होतात, आणि याला कारण आहे. कारखाने बंद असल्यामुळे तंत्रज्ञ मोकळे असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला डेक्कनचं अधिवेशन सोयीचं, कारण ते पुण्यात आणि तिथे येणारे बहुतेक लोक सांगली, सातारा, कोल्हापूर, नगर, सोलापूर याच पट्ट्यातले.

नोकरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दिवसांचा खेळ वेगळा आहे. गाळपाला परवानगीची तारीख मंत्रिसमिती ठरवते. २०२४ मध्ये ती १५ नोव्हेंबर होती, २०२५ मध्ये १ नोव्हेंबर. नव्या डिस्टिलरीला सहसा त्या सुमारास चालू व्हायचं असतं, कारण मळी तेव्हा मिळायला लागते. म्हणजे पाण्यावरच्या चाचण्या, वाफेच्या चाचण्या, यीस्टची पहिली वाढ हे सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरात. कंपनीला कमिशनिंगची माणसं किती कमी पडतात, हे ऑगस्टमध्ये कळतं. त्यामुळे पावसाळ्यातल्या अधिवेशनात प्रोसेस प्रमुख मोकळा असतो आणि त्याला गरजही असते. जानेवारीत यातलं काहीच नव्हतं.

आपल्या केमिस्टने संघटनेचं वैयक्तिक सभासदत्व घेतलं. याचा उपयोग दोन ठिकाणी झाला. नोंदणी स्वतःच्या नावाने झाली, बिल्ल्यावर कारखान्याऐवजी ‘सभासद’ लिहिलं गेलं. आणि मागच्या काही वर्षांच्या अधिवेशनांत वाचल्या गेलेल्या निबंधांचे खंड त्याला चाळता आले.

हे खंड म्हणजे या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी वस्तू, आणि नोकरी शोधणारे नेमके तेच उघडत नाहीत. प्रत्येक निबंधावर लेखकांची नावं, हुद्दा, कंपनी आणि बहुतेक वेळा ईमेल असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर जो प्रोसेस प्रमुख सापडत नाही, तो इथे स्वतःच्या नावाने लिहीत असतो. शिवाय तो कशावर लिहितो यावरून कंपनीला सध्या काय छळतंय तेही कळतं. एखाद्या कंपनीचे लागोपाठ निबंध स्पेंट वॉशच्या इव्हॅपोरेटरमध्ये साठणाऱ्या खपलीवर असतील, तर तिच्या प्लान्टमध्ये ती खपली साठतेय, एवढं समजायला हरकत नाही. मक्यावरच्या प्लान्टमधल्या लिक्विफॅक्शनवर, म्हणजे स्टार्च पातळ करण्यावर, लिहायला लागली असेल, तर ती मळीवरून धान्याकडे सरकतेय.

अशा वाचनातून त्याने नावं काढली आणि तीन गठ्ठे केले. पहिला प्लान्ट बांधणाऱ्या कंपन्यांचा. दुसरा यीस्ट, एन्झाइम, फेसनाशक आणि खपलीरोधक रसायनं विकणाऱ्यांचा. या कंपन्या डिस्टिलरीतल्या केमिस्टलाच तांत्रिक सेवेसाठी घेतात आणि त्यांना सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या प्रत्येक डिस्टिलरीच्या फाटकावर ओळख असलेला माणूस सोन्यासारखा वाटतो. ही नोकरी मिळायला सोपी, पण महिन्याच्या विक्रीचं लक्ष्य मानेवर बसतं. तिसरा गठ्ठा सल्लागारांचा. ते फारशी माणसं ठेवत नाहीत, पण कुठे कुठला प्लान्ट येतोय हे त्यांना आधी कळतं.

मग पहिल्या गठ्ठ्यातून त्याने दोन कंपन्या स्वतःहून वगळल्या. एक त्याच्याच कारखान्याची इव्हॅपोरेटर पुरवठादार, दुसरीची विस्ताराची निविदा त्याच्याच कारखान्यात विचाराधीन. पुरवठादार कंपनी ग्राहकाचा माणूस उचलत नाही. घेतला तर पुढच्या ऑर्डरीच्या वेळी अध्यक्ष विचारणार, आमचा पोरगा का पळवला म्हणून. अशा कंपनीतला भला माणूस ‘आधी तुमच्या एमडी साहेबांशी बोलावं लागेल’ म्हणतो, आणि बोलतोही. ही गोष्ट तरुण उमेदवारांच्या लक्षात येत नाही, कारण ओळख तिथेच सर्वांत जास्त असते आणि सोपी वाट तीच वाटते.

उरल्या चार कंपन्या. दोन दिवसांच्या अधिवेशनाला तेवढ्या पुरतात, आणि खरं तर चारही नीट होत नाहीत.

एका पानाचा कागद

बायोडाटा या वेळीही नेला, पण पिशवीतच ठेवला. हातात दिला तो ए-फोरच्या एका बाजूवर बसणारा कागद, आणि तोही मागितल्यावरच.

कागदावर वर नाव आणि मोबाइल. त्याखाली प्लान्टचं वर्णन दोन ओळींत: रोज ४५ हजार लिटर, सी-हेवी आणि बी-हेवी मळी, म्हणजे साखर जास्तीत जास्त काढून घेतलेली आणि थोडी शिल्लक ठेवलेली, स्पेंट वॉशसाठी इव्हॅपोरेटर आणि कंपोस्ट. मग तीन प्रसंग, प्रत्येकी चार ओळींचे. त्यातला एक असा: हंगामाच्या शेवटी जुनी, उन्हात साठलेली मळी आली की वॉशमधली, म्हणजे आंबवलेल्या द्रावातली, आम्लता चढायची आणि अल्कोहोलचं प्रमाण साडेआठ टक्क्यांवरून सातच्या खाली यायचं. आधी यीस्टवर संशय घेतला, बदलून पाहिलं, फरक पडला नाही. वोलाटाइल ॲसिड, म्हणजे जंतुसंसर्ग दाखवणारी आम्लं, दर चार तासांनी तपासायला सुरुवात केल्यावर कळलं, की जंतुसंसर्ग फर्मेंटरमध्ये नसून कूलिंगच्या प्लेट हीट एक्सचेंजरच्या गाळात आहे. एक्सचेंजर खोलून कॉस्टिकने धुतला, धुण्याचं वेळापत्रक दहा दिवसांवरून चारवर आणलं, आणि आकडा परत आठवर आला.

कमिशनिंग प्रमुखाला यातून दोन गोष्टी दिसतात. माणूस आधी चुकीच्या जागी शोधत होता हे तो लपवत नाही. आणि मोजमापाच्या आधारे जागा बदलतो. ‘प्रक्रियेत सुधारणा घडवून आणली’ या वाक्यातून त्याला काहीच दिसत नाही.

कागदाच्या तळाशी त्याने एक ओळ लिहिली होती: धान्यावरच्या प्लान्टचा अनुभव नाही. ती ओळ ठेवावी की काढावी यावर घोळ झाला. ठेवली ते बरं झालं. मका आणि मळी यांत वॉश आंबवण्याच्या आधीचं जवळजवळ सगळंच वेगळं असतं. मळीत साखर तयार असते, मक्यात पीठ करून, शिजवून, एन्झाइमने स्टार्च फोडून ती तयार करावी लागते. जुजबी वाचनावर मारलेली थाप दुसऱ्या प्रश्नालाच उघडी पडते.

एक गोष्ट त्याने ऐनवेळी टाळली, आणि ती टाळायलाच हवी होती. मोबाइलमध्ये कंट्रोल रूमच्या पडद्याचे फोटो होते, चोवीस तासांचे आलेख दिसणारे. दाखवले असते तर काम पटकन पटलं असतं. पण समोरच्याच्या मनात लगेच येतं, की उद्या हा आमच्या ग्राहकाचे आलेख असेच दुसऱ्याला दाखवेल. प्लान्टची क्षमता आणि कच्चा माल सांगायला हरकत नाही. ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही माहीत असतं. रोजची कार्यक्षमता, वाफेचा वापर, नोंदवहीची पानं, ही कारखान्याची मालमत्ता.

अधिवेशनाचे दोन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटन. मंत्री, अध्यक्ष, सत्कार, भाषणं. या वेळात मुख्य सभागृह भरलेलं असतं आणि प्रदर्शन रिकामं. स्टॉलवरच्या विक्रीच्या माणसाकडे वेळ असतो, म्हणून त्याला फक्त एक प्रश्न विचारण्यासाठी हीच वेळ चांगली: ‘तुमचे कमिशनिंग बघणारे साहेब आलेत का, कधी येणारेत?’ चार स्टॉलवर विचारून झालं. दोघांचे प्रमुख दुसऱ्या दिवशी येणार होते, एकाचे येणारच नव्हते, आणि एकाचे तिथेच मागे खुर्चीवर बसून चहा घेत होते. आपला केमिस्ट त्यांना नमस्कार करून निघून आला. हा भाग विचित्र वाटेल, पण उद्घाटनाच्या दिवशी त्याच्याच कारखान्याचे संचालक आणि चीफ केमिस्ट आवारात फिरत होते. साखर उद्योग लहान आहे आणि त्यात गोष्टी उसाच्या ट्रॉलीपेक्षा वेगाने पोचतात. साहेब भेटले तेव्हा त्याने सरळ सांगितलं, ‘सर, सभासद झालोय, डिस्टिलरीचं सत्र ऐकायला आलोय.’ ते खरंही होतं.

दुपारी तांत्रिक सत्रं सुरू झाली आणि सभागृह तीन-चतुर्थांश रिकामं झालं. राहिले ते लोक महत्त्वाचे. डिस्टिलरीच्या सत्रात पुढच्या दोन रांगांत निबंध वाचणारे, त्यांचे सहकारी आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रोसेस प्रमुख बसलेले असतात. प्रत्येक निबंधाला पंधरा-वीस मिनिटं, शेवटी दोन-तीन प्रश्न. प्रश्न विचारायला सहसा कुणी उठत नाही, किंवा उठतो तो स्वतःचंच भाषण करतो.

यादीतल्या एका कंपनीचा निबंध स्पेंट वॉशच्या मल्टी-इफेक्ट इव्हॅपोरेटरवर होता. आटवलेला स्पेंट वॉश साठ टक्क्यांच्या आसपास घन पदार्थांपर्यंत नेऊन बॉयलरमध्ये जाळायचा, अशी रचना. आकडे सुंदर होते. आपल्या केमिस्टने उठून नाव सांगितलं, कारखान्याचं सांगितलं नाही, आणि विचारलं: ‘सर, इव्हॅपोरेटर धुवायला किती दिवसांनी काढता, आणि त्या दिवशी डिस्टिलेशनकडून येणारा स्पेंट वॉश कुठे साठवता?’

प्रश्न एवढाच. पण तो इव्हॅपोरेटरशेजारी पाळी केलेल्या माणसालाच सुचतो. एक लिटर अल्कोहोलमागे आठ-बारा लिटर स्पेंट वॉश निघतो. इव्हॅपोरेटर धुण्यासाठी आठ तास थांबला तर डिस्टिलेशन थांबवायचं की स्पेंट वॉश साठवायचा, हा रोजचा वाद असतो, आणि आराखड्यात साठवणीची टाकी बहुतेक वेळा लहान धरलेली असते. व्यासपीठावरून उत्तर मोघम आलं. सत्र संपल्यावर निबंधाचे सहलेखक, म्हणजे सकाळी चहा घेत बसलेलेच साहेब, स्वतः जवळ आले.

‘कुठल्या प्लान्टवर आहात?’

‘वाळव्याकडं. पंचेचाळीसचा आहे, जुना.’

‘धुवायला किती तास लागतात तुम्हाला?’

‘कागदावर सहा, सर. खपली कडक बसली तर दहा.’

‘कॉस्टिक किती टक्के वापरता?’

इथून पुढे वीस मिनिटं खपलीबद्दलच बोलणं झालं. नोकरीचा विषय आपल्या केमिस्टने शेवटी एका वाक्यात काढला: कमिशनिंगमध्ये यायची इच्छा आहे, तुमच्याकडे या दिवसांत माणसं लागतात का? साहेबांनी कार्ड दिलं आणि ‘मेल टाका’ म्हणाले. असं अनेक जण अनेकांना म्हणतात. फरक एवढा, की या वेळी त्यांना माणूस आठवणार होता, कारण त्याच्याबरोबर एक अडचण आठवणार होती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे प्रमुख स्टॉलवर भेटले. बोलणं दहा मिनिटांचं, कोरडं. त्यांना धान्याचा अनुभव हवा होता. त्यांनीच सांगितलं, की ऑर्डरी आता दुहेरी कच्च्या मालाच्या येताहेत, हंगामात सिरप किंवा मळी आणि बाकी वर्ष मका. तिसऱ्या कंपनीचे प्रमुख गर्दीत सापडले नाहीत. चौथ्यांचे आलेच नव्हते. दुपारच्या जेवणात मात्र एक रसायन कंपनीचे विभागीय व्यवस्थापक शेजारी उभे राहिले आणि त्यांनी आपणहून विचारलं, ‘सांगली-साताऱ्याला फिरायची तयारी आहे का?’ म्हणजे दुसरा गठ्ठा, तोही न मागता.

पुढचे पंधरा दिवस

इथे बहुतेक जण गाडी सोडतात. अधिवेशनानंतर प्रमुख मंडळी दोन दिवसांत साइटवर जातात आणि ईमेलचा ढीग साठतो. मेल त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी जायला हवा. त्याचा मेल पाच ओळींचा होता. पहिल्या ओळीत खपलीचं बोलणं, दुसऱ्या ओळीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे कॉस्टिकचं प्रमाण आणि तापमान, जे सभागृहात त्याला नक्की सांगता आलं नव्हतं. मग कमिशनिंगच्या कामाची इच्छा, किती दिवसांत मोकळा होऊ शकतो ती तारीख, आणि सोबत ते एक पान. बायोडाटा जोडला नाही, ‘हवा असल्यास पाठवतो’ म्हटलं. मागे लागण्याचं निमित्त त्यातून आपोआप तयार झालं.

आठवडाभर उत्तर नव्हतं. नवव्या दिवशी त्याने फोन केला नाही, एक छोटा व्हॉट्सॲप संदेश टाकला, कारण साइटवर असलेल्या माणसाला फोन घेता येत नाही आणि मेल बघता येत नाही, पण रात्री जेवताना व्हॉट्सॲप बघितलं जातं. उत्तर आलं: ‘बायोडाटा पाठवा, एचआरला देतो.’ आणि दरम्यान एक गोष्ट घडली जी कुणाच्याच हातात नव्हती. २९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने २०२४-२५ साठी उसाचा रस आणि बी-हेवी मळीवरचे इथेनॉलचे निर्बंध उठवले. थांबलेल्या साइट पुन्हा सुरू करायच्या होत्या आणि हंगाम तोंडावर आला होता. मुलाखत झाली ती व्हिडिओवर, तीही रात्री साडेनऊला.

मुलाखतीत साखर-अल्कोहोलचं रसायन फारसं विचारलं नाही. विचारलं ते असं: पहाटे तीनला वाफेचा दाब पडला, ग्राहकाचा बॉयलर इन्चार्ज ऐकत नाही, डिस्टिलेशन कॉलम डोलायला लागलाय, काय कराल? ग्राहकाचे अध्यक्ष स्वतः येऊन विचारताहेत की कधी अल्कोहोल निघणार, काय सांगाल? सहकारी कारखान्यात चार हंगाम काढलेल्या माणसाला अध्यक्ष नवीन नसतात, आणि ही त्याची जमेची बाजू ठरली. ती त्याने स्वतः कागदावर लिहिली नव्हती.

अटी

देऊ केलेली जागा कायम नव्हती. पहिले सहा महिने कंत्राटी, एका साइटची हमी चाचणी पूर्ण होईपर्यंत. ही चाचणी बहुधा सलग ७२ तासांची असते. ठरलेलं उत्पादन, ठरलेल्या वाफेत आणि ठरलेल्या शुद्धतेचं काढून दाखवायचं. ती लांबली तर कंपनीचं शेवटचं बिल अडकतं, आणि कंत्राटी माणसाचं कायम होणंही. म्हणून ‘चाचणी ग्राहकाच्या कारणाने लांबली तर?’ हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा. मळीच आली नाही, बॉयलर वेळेत तयार झाला नाही, प्रदूषण मंडळाची संमती अडकली, ही कारणं नेहमीची आहेत. त्याने विचारलं आणि सहा महिन्यांची कमाल मर्यादा पत्रात लिहून घेतली.

मूळ पगार कारखान्यापेक्षा फार जास्त नव्हता. फरक होता साइट भत्त्याचा, आणि तिथेच घोटाळे होतात. भत्ता साइटवरच्या प्रत्येक दिवसाला की कामाच्या दिवसाला, रविवार धरतात की नाही, राहणं-जेवण कंपनीचं की भत्त्यातून, घरी यायला किती आठवड्यांनी तिकीट मिळतं, हे सगळं वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळं असतं. पहिली साइट बिहारमध्ये होती. जेवण भत्त्यातून असतं तर महिनाअखेरीला हातात उरणारी रक्कम वाळव्यातल्या पगाराच्या आसपासच आली असती. विमा आणि साइटवरच्या अपघाताची जबाबदारी हाही स्वतंत्र प्रश्न. कंत्राटी माणूस कंपनीच्या पॉलिसीत आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, हे पत्रावर कुणाचं नाव आहे त्यावरून कळतं.

राहता राहिला कारखाना. राजीनामा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आठवड्यात दिला असता तर सोडल्याचं पत्र वर्षभर लटकलं असतं, आणि ते पत्र नव्या कंपनीला हवं होतं. त्याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चीफ केमिस्ट साहेबांना स्वतः भेटून सांगितलं, महिनाभराची नोटीस दिली आणि हाताखालच्या मुलाला यीस्ट वाढवण्यापासून वोलाटाइल ॲसिडच्या तपासणीपर्यंत लिहून दिलं. साहेबांनी एकच विचारलं, ‘कुणाकडं चाललास?’ नाव ऐकल्यावर म्हणाले, ‘त्यांचा आमच्याशी व्यवहार नाही, मग बरं.’ सोडल्याचं पत्र दसऱ्याआधी मिळालं. रसायन कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकांना त्याने आपण दुसरीकडे जात असल्याचं कळवलं आणि त्यांच्या जागेसाठी शेजारच्या कारखान्यातल्या एका शिफ्ट केमिस्टचा नंबर, त्याला आधी विचारून, दिला.